परदेशी कंपनीला दीडशे शब्दांचे पत्र

अभियांत्रिकी, फार्मसी, फूड टेक्नॉलॉजी शिकणारी आपली मुले-मुली आता इंटर्नशिपसाठी परदेशी कंपन्यांना थेट ई-मेल लिहू लागली आहेत. दुबईचे चाचा किंवा मस्कतचे मामू ओळख काढून देतील, याची वाट ती पाहत नाहीत. मात्र बहुतेक पत्रांना उत्तर येत नाही, आणि घरात सूर निघतो की आपले नाव बघूनच बाजूला टाकले असेल. तसेही कुठे होत असेल. पण आमच्याकडे तपासायला येणारी पत्रे वाचली की वेगळेच कारण समोर येते. पत्र दीड पानाचे असते आणि लिहिणाऱ्याला नेमके काय हवे, ते शेवटच्या ओळीपर्यंत कळत नाही.

हा मुद्दा आम्ही एकाच उदाहरणावरून मांडतो. आमच्या शाळेची एक माजी विद्यार्थिनी कोल्हापुरात मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिच्या अब्बूंचे मोटर रिवाइंडिंगचे दुकान आहे, त्यामुळे पंप उघडणे-जोडणे ती लहानपणापासून बघत आली. तिला जर्मनीतल्या पंप बनवणाऱ्या एखाद्या कंपनीत आठ आठवडे काम शिकायचे होते. संधी एकच होती, सहावे सत्र संपल्यानंतरची सुट्टी. त्यानंतर शेवटचे वर्ष आणि घरात निकाहाची बोलणी. म्हणून पत्र नीट जाणे गरजेचे होते.

तिचा पहिला मसुदा ‘आदरणीय सर/मॅडम’ने सुरू झाला. पुढे दहावी-बारावीचे गुण, वक्तृत्व स्पर्धेतले बक्षीस, आपण किती मेहनती आहोत, जर्मन तंत्रज्ञान किती महान आहे, आणि शेवटी ‘कोणत्याही विभागात कोणतेही काम चालेल’. सोबत अकरा प्रमाणपत्रांचे स्कॅन. आपल्याकडे अर्ज असाच लिहायला शिकवतात, तेव्हा दोष मुलीचा नाही. पण तिकडे हे पत्र उघडणाऱ्याच्या बाजूने विचार करू. चाळीस-पन्नास माणसांच्या कारखान्यात असे पत्र एखाद्या विभागप्रमुखाकडे जाते. त्याला एवढेच ठरवायचे असते की या मुलीला कोणाच्या हाताखाली, किती दिवस आणि कशासाठी बसवायचे. ‘कोणतेही काम चालेल’ असे लिहिले, की हे ठरवण्याचे ओझे त्याच्यावर पडते. कामाच्या गर्दीत तो ते ओझे उचलत नाही. पत्र तसेच राहते.

म्हणून आधी लिहिणे थांबवले आणि कंपनीची वेबसाइट वाचायला घेतली. पन्नास कंपन्यांऐवजी नऊ निवडल्या. त्यातल्या एका कंपनीच्या माहितीपत्रकात एकाच पंपासाठी तीन वेगवेगळ्या व्यासांचे इम्पेलर आणि त्यांचे तीन आलेख दिले होते. इम्पेलर म्हणजे पंपाच्या पोटात फिरून पाणी बाहेर फेकणारे पाते-चक्र. ते लेथवर थोडे छाटले की पंपाचा जोर कमी होतो. पाणी किती मीटर उंच चढेल, म्हणजे ज्याला हेड म्हणतात, ते उतरते. योगायोग असा की मुलीने कॉलेजच्या प्रयोगशाळेत हेच केले होते. पत्राचा धागा इथे सापडला.

पत्र अर्थातच इंग्रजीत गेले. त्याचा मजकूर मराठीत असा:

विषय: इंटर्नशिपची विनंती – पंप चाचणी विभाग, १ जून ते २४ जुलै

श्रीमती अमुक,

मी कोल्हापूर (भारत) येथे यंत्र अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आपल्या चाचणी विभागात १ जून ते २४ जुलै असे आठ आठवडे इंटर्नशिप करता येईल का, हे विचारण्यासाठी लिहीत आहे.

आपल्या माहितीपत्रकात एकाच पंपासाठी तीन व्यासांच्या इम्पेलरचे आलेख आहेत. मी प्रयोगशाळेत एका पंपाचा इम्पेलर १५० मिलिमीटरवरून १४० वर आणला. व्हॉल्व्ह बंद असतानाचे हेड नेहमीच्या सूत्राने १७ मीटरवरून १४.८ वर यायला हवे होते, प्रत्यक्षात १४.४ भरले. छाटणीनंतरचा हा फरक आपल्याकडे चाचणीत कसा धरतात, हे मला शिकायचे आहे.

मला चाचणीची मोजमापे घेणे, तक्ता भरणे आणि आलेख काढणे येते. वडिलांच्या दुकानात मी पंप उघडते आणि जोडते. इंग्रजी कामापुरते येते. जर्मन प्राथमिक पातळीचे आहे.

इंटर्नशिप आमच्या अभ्यासक्रमात अनिवार्य आहे. कॉलेजचे तसे पत्र देता येईल. एक पानी सीव्ही आणि वरील चाचणीचा आलेख जोडला आहे. शक्य नसल्यास एका ओळीत कळवले तरी आभारी राहीन.

एवढेच. यातला सर्वात कामाचा आकडा ०.४ मीटरचा फरक आहे. सूत्र सांगते की हेड व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात उतरते: १४० भागिले १५०, त्याचा वर्ग ०.८७, आणि १७ मीटरचे होतात १४.८. पण छाटलेल्या इम्पेलरला हे सूत्र तंतोतंत लागू पडत नाही, कारण पात्याची टोके आणि बाहेरचे केसिंग यांच्यातली फट वाढते. पंपाच्या धंद्यातल्या माणसाला हे रोजचे ठाऊक असते. आकडा जुळला नाही आणि मुलीने तो लपवला नाही, हे वाचून तिने खरेच मोजले आहे अशी त्याची खात्री पटते. ‘मी मेहनती आहे’ या वाक्याने ती पटत नाही. म्हणूनच दुसऱ्याचा प्रकल्प आपल्या नावावर घालू नये. पहिल्याच फोनवर ‘फ्लो किती होता?’ असे विचारले की उघडे पडायला होते. आणि खोटी साक्ष आपल्या दीनमध्येही किती वाईट मानली आहे, हे घरात सांगायला नको.

तारखा विषयाच्या ओळीतच दिल्या, त्यालाही कारण आहे. जर्मनीत अनिवार्य इंटर्नशिपला किमान वेतनाचा कायदा लागू होत नाही. स्वेच्छेची इंटर्नशिप तीन महिन्यांहून लांबली तर तो लागू होतो. छोट्या कंपनीला हे आधी कळलेले बरे असते. म्हणून ‘अनिवार्य’ हा शब्द आणि आठवड्यांची संख्या पत्रात आली. परदेशी विद्यापीठात शिकणाऱ्यांना अभ्यासाशी संबंधित इंटर्नशिपसाठी तिकडे बोलावताना चार सत्रे पूर्ण झालेली असावीत, अशीही एक वाट त्यांच्या नियमांत आहे. तिसऱ्या वर्षाची मुलगी त्यात बसते. पहिल्या वर्षाच्या मुलाने मात्र हीच खटपट करण्यात अर्थ नाही.

पत्र पाठवायचे कोणाला? जर्मन कंपनीच्या वेबसाइटवर अगदी तळाशी Impressum नावाचे पान असते. कंपनीचा पत्ता, जबाबदार व्यक्तीचे नाव, ई-मेल आणि नोंदणी क्रमांक तिथे देणे कायद्याने बंधनकारक आहे. नोकऱ्यांच्या Karriere या पानावर अनेकदा Ansprechpartner, म्हणजे कोणाशी बोलायचे, त्याचे नाव मिळते. ते नाव जसेच्या तसे लिहावे. प्रत्येक कंपनीला वेगळे पत्र जावे. नऊ पत्ते एकाच ई-मेलमध्ये घातले, तर वाचणाऱ्याला ते लगेच दिसते. पहिला आणि शेवटचा परिच्छेद तोच ठेवता येतो. मधला परिच्छेद प्रत्येक कंपनीसाठी नव्याने लिहावा लागतो, आणि तो सुचत नसेल तर ती कंपनी यादीतून काढावी.

हिजाब, जुम्याची नमाज, हलाल जेवण यांबद्दल पहिल्याच पत्रात लिहावे का, असे मुलीच्या अम्मीने विचारले. आमच्या मते नाही. लपवण्यासारखे त्यात काही नाही, पण तो प्रश्न बोलावणे आल्यानंतरचा आहे. तेव्हा तो सरळ विचारावा: दुपारी दहा मिनिटे आणि एक कोपरा मिळेल का, फिरत्या यंत्राजवळ डोके कसे झाकायचे. यंत्राशेजारी सैल कापड धोक्याचे असते, म्हणून दुसरा प्रश्न तिने स्वतःच विचारायला हवा.

नऊ पत्रे नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात गेली. जूनच्या कामासाठी हे लवकर वाटेल, पण कंपनीचा निर्णय, रोजगार खात्याची संमती आणि व्हिसा यांत महिने जातात. शिवाय नाताळ ते नवे वर्ष तिकडची कार्यालये जवळजवळ बंद असतात. दोन आठवड्यांनी, उत्तर न आलेल्यांना दोन ओळींचे एक स्मरणपत्र गेले. त्यानंतर पुन्हा नाही. चौघांनी शेवटपर्यंत उत्तर दिले नाही. तिघांनी नम्र नकार कळवला. एकाने ‘तुमचा अर्ज पुढे पाठवला आहे’ असे लिहिले. हा बहुतेक वेळा नकारच असतो. नवव्या कंपनीने, माहितीपत्रकवाल्याच, विचारले की मोजमाप कोणत्या गेजने घेतले आणि फेरे किती होते. होकाराची खूण अशी असते: समोरचा माणूस तुमच्या कामाबद्दल प्रश्न विचारतो. मुलीने त्याच दिवशी चार ओळींत उत्तर दिले, आणि गेजची अचूकता आपण तपासली नव्हती हेही लिहिले. जानेवारीत बोलावण्याचे पत्र आले.

याच काळात दहावे एक पत्रही आले, न मागता. ‘युरोपात हमखास इंटर्नशिप’, आणि नोंदणीसाठी साठ हजार रुपये आगाऊ. अब्बू पैसे भरायला निघाले होते. आम्ही दोन गोष्टी बघायला सांगितल्या. पहिली, ई-मेलचा पत्ता कंपनीच्या वेबसाइटच्या नावाचा आहे की फुकटच्या मेल-सेवेचा. दुसरी, Impressum मधला नोंदणी क्रमांक handelsregister.de या जर्मन कंपनी-नोंदवहीत सापडतो का. ती बघायला पैसे लागत नाहीत. दोन्ही ठिकाणी काही जुळले नाही. खरी कंपनी इंटर्नकडून नोंदणीचे पैसे मागत नाही.

बोलावणे आले म्हणजे सगळे झाले, असे नाही. पर्यटक व्हिसावर जाऊन इंटर्नशिप करता येत नाही. संमतीचा अर्ज कंपनीने भरायचा असतो, आणि राहण्या-खाण्याचा खर्च कसा भागणार हे वकिलातीला दाखवावे लागते. हे हिशेब घरात बसून करायचे आहेत. कंपनी काही विद्यावेतन देणार आहे का, हे बोलावण्याच्या पत्राला उत्तर देतानाच विचारावे आणि आकडा लेखी घ्यावा. सध्या त्या घरात तेच चालू आहे: एका वहीत डाव्या बाजूला कंपनी देणार ते, उजव्या बाजूला खोलीचे भाडे, विमा आणि विमानाचे तिकीट. उजवी बाजू अजून जड आहे. व्हिसाची मुलाखत ठरायच्या आत ती भरून निघावी, यासाठी अब्बूंनी दुकानातली जुनी वाइंडिंग मशीन विकायला काढली आहे, आणि मुलीने शिष्यवृत्तीसाठी कॉलेजला पत्र लिहिले आहे. तेही दीडशे शब्दांचे.