सहा गुणांची दुरुस्ती

21 फेब्रुवारी 2023. बारावीच्या इंग्रजीच्या पेपरात कवितेच्या विभागातले ए-3, ए-4 आणि ए-5 हे प्रत्येकी दोन गुणांचे प्रश्न पाहून मुलं चक्रावली. प्रश्नाऐवजी तिथं चक्क परीक्षकांसाठीचा मजकूर छापला होता!

चूक वर्गातच लक्षात आली आणि योग्य प्रश्न हाताशी असला, तर पर्यवेक्षक तो फळ्यावर लिहून देऊ शकतात. प्रश्नक्रमांक, चुकीचा मजकूर, दुरुस्त मजकूर आणि गुण, एवढं सांगितलं की भागतं. पेपर संपल्यावर मात्र प्रश्न बदलून उपयोग नसतो, हात घालायचा तो गुणांनाच.

राज्य मंडळानं तेच केलं. या विभागातला कुठलाही प्रश्न सोडवायचा प्रयत्न केलेल्यांना, किंवा उत्तरपत्रिकेत नुसते हे क्रमांक लिहिलेल्यांनाही, पूर्ण सहा गुण देण्याचं जाहीर केलं. म्हणजे कोरा ‘ए-4’ लिहिणाऱ्यालाही गुण मिळाले; पण वैतागून अख्खा विभाग सोडणारा हात चोळत बसला. सरसकट गुण देणं मला अधिक न्याय्य वाटतं, कारण ही अट पेपर झाल्यावर कळली. आणि तो मजकूर पुन्हापुन्हा वाचण्यात गेलेली मिनिटं कुठल्याच दुरुस्तीपत्रकात मोजली जात नाहीत.