चमच्याचा हिशेब

आमच्या सूनबाईंनी गेल्या महिन्यात एक बाटली माझ्यासमोर ठेवली. "बाबा, रोज दोन चघळा. वजन उतरेल, साखरही ताब्यात राहील." आत साठ लाल, मऊ गोळ्या, लहानपणी मिळायच्या त्या जेलीच्या गोळ्यांसारख्या. हल्ली त्यांना गमी म्हणतात. आत सफरचंदाचा शिरका, म्हणजे अ‍ॅपल सायडर व्हिनेगर.

बँकेत उमेदीची वर्षे गेली, त्यामुळे छापील आकडा दिसला की मी ताळा करून पाहतो. लेबलावर एका गोळीत ५०० मिलिग्रॅम शिरका होता. त्यात पाच टक्के ॲसेटिक आम्ल धरले, तर ते भरते २५ मिलिग्रॅम. शिरक्याच्या एका मोठ्या चमच्यात, म्हणजे १५ मिलिलिटरमध्ये, असते सुमारे ७५०. एका चमच्याच्या बरोबरीला तीस गोळ्या! शिवाय दर गोळीत एक ग्रॅम साखर. साखर उतरवायला तीस ग्रॅम साखर खायची, हा जुने कर्ज नव्या कर्जाने फेडण्याचा प्रकार झाला.

बरे, त्या चमच्याची तरी पत किती? जपानमध्ये १५५ स्थूल माणसांवर झालेला प्रयोग २००९ साली प्रसिद्ध झाला. बारा आठवडे रोज एक किंवा दोन चमचे शिरका पाण्यातून घेऊन वजन उतरले ते एक-दोन किलो. लेबनॉनमधला २०२४ चा प्रयोग याहून कितीतरी मोठा आकडा सांगत होता. पण आकडेवारीच विश्वासार्ह न वाटल्याने नियतकालिकाने २०२५ मध्ये तो मागे घेतला. पिष्टमय जेवणाबरोबर पातळ शिरका घेतला, तर नंतरची साखर थोडी कमी चढते, हे मात्र खरे. पण २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या चाचणीत अख्ख्या गिळलेल्या टॅब्लेटना तेवढेही जमले नाही.

टॅब्लेटचा धोका वेगळाच आहे. अमेरिकेतल्या एका बाईच्या घशात अशी टॅब्लेट अर्धा तास अडकली आणि पुढे सहा महिने तिला दुखणे व गिळायचा त्रास राहिला. त्यानंतर संशोधकांनी आठ प्रकारच्या टॅब्लेट तपासल्या. २००५ सालच्या त्यांच्या अहवालानुसार आम्लाचे प्रमाण कुठे एक टक्का, तर कुठे दहाच्या वर. त्यात खरोखर सफरचंदाचा शिरका आहे का, इथपर्यंत शंका आली. ओली आम्लाची गोळी एका जागी चिकटली की ती जागा भाजते. म्हणून कोरडी गोळी गिळून लगेच आडवे होणे वाईट. गिळताना टोचले, दुखले किंवा काही अडकल्यासारखे वाटत राहिले, तर डॉक्टरांकडेच जावे.

दातांचे गणित संथ चालते. रोज पेलाभर शिरका पिणाऱ्या नेदरलँड्समधल्या पंधरा वर्षांच्या मुलीचे दात झिजल्याची नोंद २०१२ ची आहे. गमीत आम्ल थोडे असले, तरी ती आंबट, गोड आणि चिकट असते, दातांच्या फटीत बसून राहते. थंड पाण्याने सणक येऊ लागली, दातांच्या कडा काचेसारख्या दिसू लागल्या, तर वरचे आवरण गेले असे समजावे. ते परत येत नाही. आंबट खाल्ल्यावर नुसती चूळ भरावी. लगेच ब्रश फिरवला, तर मऊ पडलेला थर खरवडला जातो.

सूनबाईंनी हिशेब मुकाट्याने ऐकला. बाटली अजून फ्रिजवरच आहे. आत अठ्ठावन्न गोळ्या.