ठोसा पोटात थांबतो तेव्हा

नव्वदच्या दशकात महाराष्ट्रातल्या गावोगावच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये एका यंत्राभोवती पोरांचं कोंडाळं असायचं. त्या खेळाला सगळे ‘मुस्तफा’ म्हणायचे. खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स’, बनवणारी जपानची कॅपकॉम कंपनी, साल 1993. मुस्तफा हे त्यातल्या एका पात्राचं नाव, पण नाणं टाकणाऱ्या पोराला कॅडिलॅकशी काय देणंघेणं? त्याला ठोसे लगावायचे असत. आणि ते ठोसे ‘लागायचे’. मूठ गुंडाच्या पोटात गेली की क्षणभर तिथेच रुतल्यासारखी व्हायची आणि मग गुंड मागे कोलमडायचा. त्याच पोराने घरच्या स्वस्त कार्ट्रिजवर दुसरा एखादा मारामारीचा खेळ लावला, तर हात फिरायचा, समोरचा पडायचाही, पण मजा यायची नाही. कारण मात्र सांगता यायचं नाही.

त्या क्षणभर रुतण्याला हिट स्टॉप म्हणतात. फटका लागला की मारणारा आणि मार खाणारा, दोघांची हालचाल काही फ्रेमपुरती थांबवायची आणि मग खेळ पुढे सोडायचा. पडद्यावरचं चित्र सेकंदाला 60 वेळा बदलत असेल, तर एक फ्रेम म्हणजे सेकंदाचा साठावा भाग. साध्या ठोशाला तीन-चार फ्रेम, जबर फटक्याला दहा-बारा. डोळ्याला हे थांबणं म्हणून सहसा जाणवतच नाही. जाणवतो तो जोर.

असं का होतं, ते कोयत्याने नारळ सोलणाऱ्याला विचारावं. कोयता हवेतून सपकन येतो आणि सोडणात घुसताच अडतो. मनगटाला झटका बसतो, पातं हलवून सोडवावं लागतं, मग पुढचा घाव. वस्तू किती टणक आहे ते हाताला त्या अडण्यातून कळतं. खेळाडूच्या हातात असतं एक बटण, आणि समोर राक्षस असो की कागदी पिशवी, ते सारखंच दाबलं जातं. संगणकाच्या लेखी तलवार म्हणजे ठरलेल्या वाटेने फिरणारं चित्र. शत्रूच्या आरपार जाताना तिला काहीच अडवत नाही. हाताला न मिळणारा अडथळा डोळ्याला दाखवायचा, एवढंच हिट स्टॉपचं मूळ काम.

हे सगळ्यात नीट दिसतं ते निन्टेंडोच्या ‘सुपर स्मॅश ब्रदर्स मेली’ या 2001 सालच्या खेळात. मासाहिरो साकुराई हे त्याचे दिग्दर्शक. पुढे 2022मध्ये खेळनिर्मितीवर त्यांनी यूट्यूबवर छोट्या व्हिडिओंची मालिका सुरू केली, त्यात हिट स्टॉपवरही एक भाग आहे. मेलीच्या खेळाडूंनी तर या खेळाचा इतका कीस पाडला आहे की कुठला फटका किती फ्रेम थांबतो, याचं सूत्रच त्यांच्या तोंडी असतं. फटक्याच्या नुकसानीला तीनने भागायचं, त्यात तीन मिळवायचे, अपूर्णांक सोडून द्यायचा. फटका विजेचा असेल तर आलेली संख्या दीडपट करायची आणि पुन्हा अपूर्णांक सोडायचा.

आता कॅप्टन फाल्कन हे पात्र घ्या. त्याचा 2 टक्के नुकसान करणारा हलका ठोसा सूत्रात घातला तर येतात 3 फ्रेम, म्हणजे सेकंदाचा विसावा भाग. टिचकीच म्हणायची. याच फाल्कनचा हवेत उडी मारून पुढे झोकलेला गुडघा मात्र या खेळातल्या सर्वांत नावाजलेल्या फटक्यांपैकी एक. पाय बाहेर येतानाच्या अगदी पहिल्या दोन-तीन फ्रेममध्ये तो लागला, तर नुकसान 18 टक्के आणि फटका विजेचा. 18 भागिले 3 म्हणजे 6, अधिक 3 म्हणजे 9, त्याची दीडपट साडेतेरा, म्हणजे 13 फ्रेम. जवळजवळ 0.22 सेकंद मार खाणारं पात्र खिळून राहतं, जागच्या जागी थरथरतं, अंगावर वीज तडतडते, आणि मग ते पडद्याबाहेर फेकलं जातं. तोच गुडघा जरासा उशिरा लागला तर तो दुबळा असतो. वीज नाही, थांबणंही अगदी थोडं, नुसतं धप्प. निकाल काय लागणार हे प्रेक्षकाला प्रतिस्पर्धी उडण्याआधीच, त्या थांबण्यावरून कळतं. स्पर्धेच्या सभागृहात ओरडा त्याच 13 फ्रेममध्ये उठतो.

पण ही केवळ आतषबाजी नाही. दिसलेल्या गोष्टीला बटण दाबून उत्तर द्यायला माणसाला साधारण पाव सेकंद लागतो. मोठ्या फटक्यात मिळालेले 0.22 सेकंद म्हणजे जवळपास तेवढाच वेळ. फटका लागला की ढालीवर गेला हे मारणाऱ्याला या अवधीत पाहता येतं आणि पुढची चाल ठरवता येते. मार खाणाराही मोकळा नसतो. खिळलेला असताना त्याने काठी झटपट हलवली, तर त्याचं पात्र दर झटक्याला किंचित सरकतं आणि पुढच्या फटक्याच्या टप्प्यातून निसटू शकतं. बाहेरून पाहणाऱ्याला जे गोठलेलं चित्र दिसतं, त्यात खरं तर दोन माणसं जीव तोडून बोटं चालवत असतात.

एक बारकावा यात फार सुंदर आहे. लांबून बंदूक झाडली किंवा काही फेकून मारलं, तर फक्त मार खाणारा थांबतो. मारणारा आपला पुढे चालत राहतो. अंगाला अंग भिडलं तरच दोघं थांबतात. त्यामुळे गुडघ्याची आणि गोळीची चव वेगळी लागते.

या युक्तीत फसायला जागाही भरपूर आहे. नवशिक्या निर्मात्याने हौसेने हिट स्टॉप घातला की पहिली तक्रार येते, ‘गेम अडकतोय.’ आणि ती खरीच असते, कारण नुसतं गोठलेलं चित्र आणि हँग झालेला संगणक यांत डोळ्याला फरक दिसत नाही. म्हणून थांबलेल्या फ्रेममध्येही काहीतरी जिवंत ठेवावं लागतं: मार खाणाऱ्याचं थरथरणं, अंगावर पांढरी चमक, उडालेल्या ठिणग्या. स्मॅशमध्ये थरथरतो तो मार खाणारा, मारणारा स्थिर राहतो. जोर कुठून कुठे गेला हे त्या एका फरकातून वाचता येतं.

दुसरी चूक बेरजेची. एका तलवारीच्या फेऱ्यात पाच शत्रू कापले गेले आणि प्रत्येकाचे सहा फ्रेम एकापुढे एक जोडले, तर अर्धा सेकंद खेळ ठप्प. अशा वेळी बेरीज न करता त्यांतला सर्वांत मोठा आकडा घ्यायचा असतो. सेकंदाला दहा वार करणाऱ्या हत्याराला तर हिट स्टॉप जवळजवळ देऊच नये, नाहीतर आचके खात चालणाऱ्या जुन्या एसटीसारखी गत होते. गर्दी वाढली तरी हाच प्रश्न. साकुराईंच्याच 2018च्या ‘स्मॅश अल्टिमेट’मध्ये मैदानात खेळाडू वाढतात तसा हा थांबा कमी केला जातो.

स्क्रीन शेक, म्हणजे पडदा हादरणं, हे याचंच भावंड, पण स्वभावाने वेगळं. हिट स्टॉप दोघांपुरता असतो. पडदा हादरतो तेव्हा सगळं जग हादरतं. म्हणून तो सांगतो वजन: गदा पडली ती जमिनीला जाणवली. नेदरलँड्समधल्या व्लामबीर या दोघांच्या कंपनीतल्या यान विलेम नाइमनने 2013मध्ये यावर एक व्याख्यान दिलं, तेव्हापासून छोट्या खेळांच्या जगात ही युक्ती घरोघरी पोचली. त्याने अगदी फिकट वाटणारा गोळीबाराचा खेळ घेतला आणि त्यात एकेक करामत घालत गेला: गोळ्या मोठ्या, आवाज भारी, शत्रू मरताना निमिषभर थांबा, बंदुकीच्या धक्क्याने मागे सरकणारा कॅमेरा, हादरणारा पडदा. शेवटी तोच खेळ ओळखू येईना. त्यानंतर मात्र काही वर्षं बिस्कीट उचललं तरी पडदा हादरेल असे खेळ निघाले. सगळंच हादरलं तर काहीच हादरत नाही, हे कळायला थोडा वेळ गेला.

हादरा किती द्यायचा याचा एक शहाणा हिशोब स्क्विरल आयझरलो या प्रोग्रामरने 2016च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये मांडला. कॅमेऱ्याला शून्य ते एक या मापात एक ‘जखम’ ठेवायची. फटका लागला की ती वाढते आणि नंतर एकसारख्या गतीने आपोआप भरत जाते. पडदा मात्र जखमेइतका हलवायचा नाही, तिच्या वर्गाइतका किंवा घनाइतका हलवायचा. वर्ग धरला तर जखम 0.3 असताना हादरा 0.09, म्हणजे नगण्य. जखम 0.9 झाली की 0.81. जखम तिप्पट, हादरा नऊपट. किरकोळ मारामारीत पडदा शांत राहतो, लागोपाठ तीन जबर तडाखे बसले की जग डळमळतं, आणि शमताना ते हळूच शमतं.

हलवायचा कसा, हेही ठरवावं लागतं. दर फ्रेमला कॅमेरा कुठेही उडवला तर पडदा नुसता चरचरतो. म्हणून एका जागेवरून दुसरीकडे सलग वाहत जाणारी यादृच्छिकता वापरतात, तिला पर्लिन नॉइज म्हणतात. त्रिमिती खेळात कॅमेरा इकडेतिकडे सरकवण्यापेक्षा तो किंचित वळवणं बरं. सरकवताना तो शेजारच्या भिंतीत घुसून भिंतीआडचं दाखवून बसतो. आणि दोन्ही भावंडं एकत्र आणताना एक हमखास घोळ होतो: हादऱ्याचं घड्याळ खेळाच्याच घड्याळाला बांधलेलं असेल, तर हिट स्टॉपने खेळ थांबताच हादराही गोठतो, आणि ऐन फटक्याला पडदा मुडद्यासारखा पडतो. कॅमेऱ्याचं घड्याळ वेगळं ठेवलं की काम होतं.

पडदा हादरण्याची किंमत काही खेळाडूंना शरीराने मोजावी लागते. डोळ्यांना हालचाल दिसते, कानातल्या तोल सांभाळणाऱ्या भागाला ती जाणवत नाही, आणि घाटात बसमध्ये वाचत बसल्यासारखं मळमळायला लागतं. हिट स्टॉपबद्दल अशी तक्रार सहसा येत नाही. म्हणूनच ‘द लास्ट ऑफ अस पार्ट टू’ या 2020च्या खेळात मळमळीचा त्रास असणाऱ्यांसाठी कॅमेऱ्याचा हादरा कमी करायची सोय सेटिंग्जमध्येच आहे, आणि आता अशी सोय अनेक खेळांत असते. हादरा बंद केला तरी खेळाचे नियम तसेच राहतात, गमावलं जातं ते थोडं वजन. मेलीतल्या त्या 13 फ्रेम मात्र कुठल्याच मेनूत बंद करता येत नाहीत. त्या काढल्या तर विचार करायचा वेळ जातो, निसटायची संधी जाते, आणि उरतो तो दुसराच खेळ.