वरंब्यावरचं मीठ, पानाचा करपलेला शेंडा

मार्च-एप्रिलमध्ये उन्हं तापू लागली की कृष्णा-वारणेच्या काठावरच्या गावांमधून कृषी सल्लागारांच्या मोबाइलवर दोन तऱ्हेचे फोटो येऊ लागतात. पहिल्या फोटोत उसाची सरी असते. सरीचा तळ काळाभोर, ओलसर आणि वरंब्याच्या माथ्यावर मात्र पीठ भुरभुरल्यासारखा पांढरा थर. दुसऱ्यात हातात धरलेलं एक पान असतं. त्याचा शेंडा वाळून तपकिरी झालेला आणि करपलेली रेघ दोन्ही कडांनी खाली उतरत गेलेली. सोबत प्रश्न ठरलेला असतो: कसला रोग आहे, कोणतं औषध मारू?

यावर मारायला औषध नाही, कारण हा रोगच नव्हे. गावात याला ‘जमिनीला मीठ फुटलं’ म्हणतात आणि ते म्हणणं अगदी नेमकं आहे. मात्र मीठ कुठून फुटलं आणि ते कोणतं मीठ आहे, हे समजल्याशिवाय केलेला खर्च बहुतेकदा वाया जातो. फोटो यातला अर्धा भाग सांगतो. उरलेला अर्धा सांगायला कुदळ लागते.

आधी वरंब्याचा फोटो पाहू. दिव्याची वात जसं तेल वर ओढते, तशी बारीक कणांची काळी माती पाणी वर ओढते. पाण्यात विरघळलेले क्षारही त्याच्याबरोबर वर येतात. पृष्ठभागावर पाण्याची वाफ होते, क्षारांची होत नाही. ते तिथेच साठतात. सरीतून दिलेलं पाणी दोन्ही बाजूंनी वरंब्यात झिरपतं आणि माथ्याकडे चढत सुकतं, म्हणून पांढरा थर तळाला न दिसता माथ्यावर दिसतो. फोटोतली पांढरी जागा कुठे आहे यावरून बरंच कळतं. वरंब्याच्या माथ्यावर रेघोट्या असतील तर मीठ पाण्याबरोबर सरकतं आहे. ठिबकच्या शेतात ओल्या वर्तुळाच्या कडेला पांढरं कडं दिसेल. पण शेताच्या सखल कोपऱ्यात किंवा कॅनॉलच्या बाजूला मोठा सलग पट्टाच पांढरा झाला असेल, तर जमिनीखालचं पाणी वर आलं आहे असा पहिला संशय घ्यावा.

पांढरं दिसलं म्हणजे मीठच, असं मात्र नाही. काळ्या रानात चुनखडीचे खडे असतात, कुजणाऱ्या पाचटावर बुरशी चढते आणि भर दुपारच्या उन्हात मोबाइलच्या कॅमेऱ्याला साधी कोरडी मातीही पांढरी दिसते. खात्री करणं सोपं आहे. चमचाभर थर खरवडून पेलाभर पाण्यात ढवळायचा. पांढरेपणा विरघळून गेला आणि तळाशी फक्त माती राहिली, तर ते मीठ. पांढरे खडे तसेच राहिले आणि लिंबाचा रस टाकल्यावर फसफसले, तर तो चुना. बुरशी असेल तर ती कापसासारखी तंतुमय दिसते, ओळखायला भिंगसुद्धा लागत नाही.

रंगाकडेही लक्ष हवं. थर पांढरा नसून काळपट-तपकिरी, तेल सांडल्यासारखा असेल, पाऊस पडल्यावर माती चिकट होत असेल आणि पाणी दिवसच्या दिवस साचून राहत असेल, तर गोष्ट वेगळी आहे. तिथे सोडियम मातीच्या कणांना चिकटून बसलेला असतो. माती विस्कटते, तिच्यातला सेंद्रिय भाग विरघळतो आणि तोच वर येऊन काळा दिसतो. ही चोपण जमीन. क्षारपड आणि चोपण हे शब्द बोलण्यात सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. उपचारात मात्र त्यांची गल्लत महाग पडते.

आता पानाचा फोटो. पाणी मुळांतून निघून खोडातून पानात जातं आणि तिथून वाफ होऊन हवेत जातं. त्या प्रवाहाचं शेवटचं टोक म्हणजे पानाचा शेंडा आणि कडा. पाण्याबरोबर आलेले सोडियम आणि क्लोराइड तिथे दिवसेंदिवस साठत जातात आणि एका मर्यादेनंतर तिथल्या पेशी मरतात. म्हणून करपणं शेंड्यापासून सुरू होऊन कडांनी खाली उतरतं. आणि म्हणूनच ते आधी जुन्या, खालच्या पानांवर दिसतं, कारण त्या पानांनी सर्वांत जास्त दिवस पाणी उडवलेलं असतं. नुसत्या पानाचा जवळून घेतलेला फोटो सल्लागाराच्या फारसा उपयोगाचा नसतो, तो याच कारणाने. ते पान खालचं की वरचं, हे त्यात कळतच नाही.

पालाश कमी पडला तरीही जुन्या पानांचे शेंडे आणि कडा अशाच करपतात. फोटोवरून निदान चुकण्याची सर्वांत मोठी जागा हीच आहे. उसात पालाशच्या कमतरतेत पानाच्या मधल्या शिरेवर वरच्या बाजूने लालसर छटा येते, ती दिसते का ते पाहावं. फवारणीने पानं भाजली असतील, तर डाग थेंब पडले तिथे असतात आणि जुनी-नवी दोन्ही पानं सारखीच भाजलेली दिसतात. क्षाराचा मार मात्र शेतात ठिगळाठिगळांनी असतो. मध्येच गोल जागा विरळ, तिथले ऊस खुजे, पानांचा रंग निळसर गडद आणि चार पावलांवर तोच ऊस ठणठणीत. दुपारी पायाखाली ओल असतानाही ठिगळातली पानं गळून गेल्यासारखी दिसतात. मातीतलं पाणी खारट झालं की मुळांना ते ओढून घेणं अवघड जातं. पाणी समोर असून पीक तहानलेलं राहतं. अशा वेळी शेतकरी पाण्याची आणखी एक पाळी देतो आणि खालच्या पाण्याची पातळी आणखी वर येते.

महाराष्ट्रात ही कहाणी जुनी आहे. नीरेचा डावा कालवा १८८५ मध्ये सुरू झाला आणि त्यानंतर पाव शतकातच त्या खोऱ्यातल्या खराब झालेल्या जमिनींवर हॅरॉल्ड मान आणि व्ही. ए. ताम्हणे यांना स्वतंत्र अभ्यास करावा लागला. तो १९१० मध्ये प्रसिद्ध झाला. कोकणातल्या खार जमिनीत मीठ समुद्राचं असतं आणि अकोला-अमरावतीच्या खारपाणपट्ट्यात ते भूजलात मुळातच आहे. नीरा किंवा कृष्णेच्या काठी मात्र ते माणसाने दिलेल्या पाण्याने साठवलं. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण साठवलेलं मीठ बाहेर काढता येतं.

किती साठतं, याचा हिशेब एका एकरापुरता करून पाहू. पाटाने भिजवलेल्या उसाला वर्षभरात साधारण दोन मीटर उंचीचं पाणी दिलं, असं धरू. एका एकरावर ते सुमारे ८१ लाख लिटर होतं. पाण्यातल्या क्षारांचा अंदाज त्याच्या विद्युत वाहकतेवरून येतो. वाहकता १ डेसिसायमन असेल, तर लिटरमागे साधारण ६४० मिलिग्रॅम क्षार धरतात. विहिरीचं पाणी २ डेसिसायमनचं असेल, तर वर्षाला एकरी सुमारे १० टन क्षार रानात येतात. म्हणजे भरलेला एक ट्रक. पीक त्यातला फार थोडा भाग उचलतं. नदीचं गोडं, ०.३ डेसिसायमनचं पाणी असलं तरी दीड टन येतातच. निचरा चांगला असेल, तर पावसाळ्यात हे क्षार धुऊन खाली जातात. निचरा नसेल, तर ते खालच्या साचलेल्या पाण्यात थांबतात आणि उन्हाळ्यात वातीवरून पुन्हा वर चढतात.

म्हणून फोटोनंतरचं काम म्हणजे माती तपासणी, आणि त्यात दोन आकडे पाहायचे: वाहकता आणि सामू. संपृक्त मातीच्या अर्काची वाहकता ४ च्या वर आणि सामू ८.५ च्या खाली असेल, तर जमीन क्षारयुक्त. वाहकता ४ च्या खाली, पण सामू ८.५ च्या वर असेल, तर चोपण. दोन्ही वाढलेले असतील, तर क्षारयुक्त-चोपण. पक्कं ठरवायला विनिमययोग्य सोडियमचं प्रमाणही तपासतात. ते १५ टक्क्यांच्या वर असेल, तर चोपणपणा निश्चित. एक सावधगिरी हवी. अनेक प्रयोगशाळा मातीत थेट अडीचपट पाणी मिसळून वाहकता मोजतात. तो आकडा बराच कमी येतो आणि त्याला ४ ची मर्यादा लावली, तर बिघडलेली जमीनही चांगली ठरते. पद्धत कोणती, हे अहवाल हातात घेतानाच विचारावं. नमुनाही नुसता वरचा पांढरा थर खरवडून देऊ नये. एक फूट, दोन फूट, तीन फूट असे थर वेगवेगळ्या पिशव्यांत द्यावेत.

उसाचं उत्पादन अर्काची वाहकता १.७ च्या पुढे गेली की घटू लागतं आणि पुढच्या प्रत्येक डेसिसायमनला सुमारे ६ टक्क्यांनी उतरतं. वाहकता ६ झाली, तर पाव ऊस गेला. कापूस साडेसातच्या पुढेपर्यंत तग धरतो, म्हणून बिघडलेल्या रानात पीक बदलणं हा काही काळाचा आधार होऊ शकतो. जमीन त्याने सुधारत नाही.

क्षारयुक्त जमीन सुधारते ती धुऊन. एक फूट उंचीचं चांगलं पाणी मातीतून खाली गेलं, तर वरच्या फूटभर मातीतले साधारण ८० टक्के क्षार निघून जातात. अट एकच, ते पाणी खाली जाऊन शेताबाहेर पडलं पाहिजे. त्यासाठी सांगली-कोल्हापूरकडे साधारण चार फूट खोलीवर जाळी गुंडाळलेले सच्छिद्र पाइप घालतात आणि ते मोठ्या पाइपाला जोडून पाणी ओढ्यात सोडतात. ओढा वरच्याच पातळीला असेल किंवा शेजाऱ्याने वाट दिली नाही, तर पाइप घालूनही पाणी जागचं हलत नाही. हे काम एकट्याच्या बांधात मावणारं नाही.

आणि जिप्सम? पांढरा थर दिसला की जिप्समची पोती आणायची, ही सर्वांत सामान्य चूक. जिप्सममधलं कॅल्शियम मातीला चिकटलेल्या सोडियमला हटवतं, म्हणून ते चोपण जमिनीसाठी आहे. नुसत्या क्षारयुक्त जमिनीत ते मिठात आणखी एका क्षाराची भर घालतं. उलट चोपण जमीन जिप्समशिवाय नुसतीच धुतली, तर ती आणखी घट्ट बसते.

ठिबक असलेल्या शेतकऱ्यांनी एक गोष्ट आवर्जून पाळावी. उन्हाळाभर ओल्या वर्तुळाच्या कडेला साठलेलं मीठ वळवाची हलकी सर एकदम मुळांवर ढकलते आणि पावसानंतरच पानं करपतात. त्या सरीच्या वेळी ठिबक बंद न करता चालू ठेवावं, म्हणजे मीठ आत येत नाही.

पुढच्या लागणीआधी, मे महिन्यात, पांढऱ्या पट्ट्याच्या मधोमध चार फूट खोल खड्डा घ्या आणि रात्रभर तसाच ठेवा. सकाळी त्यात पाणी दिसलं, तर त्याचा फोटो काढा, शेजारी उभ्या काठीवर पाण्याची खूण करून. सल्लागाराला पानाच्या फोटोआधी हाच फोटो पाठवा.