खूण वैध, पण सही कोणाची?

फलटणच्या औद्योगिक वसाहतीत यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या एखाद्या कारखान्याला पोलादाच्या पुरवठादाराकडून मेल आला, असे समजा. 'आमचे बँक खाते बदलले आहे, यापुढची रक्कम सोबतच्या खात्यात भरावी.' मेलवर डिजिटल सही आहे आणि मेल उघडणाऱ्या ॲपने ती वैध असल्याची खूण दाखवली आहे. हिशेबनीस निर्धास्त होतो. पण वैध या शब्दाने इथे दोनच गोष्टी कळतात. सही झाल्यावर मजकुरात फेरफार झालेला नाही, ही एक. आणि सहीच्या किल्लीला ॲपच्या ओळखीच्या संस्थेचे प्रमाणपत्र आहे, ही दुसरी. ते प्रमाणपत्र कोणाच्या नावाचे आहे, हे मेल वाचणाऱ्यानेच पाहायचे असते. खोटेपणाला सगळ्यात मोठी वाट तिथेच मिळते.

ती वाट कशी काढली जाते ते पाहू. पुरवठादाराचा खरा पत्ता `hisab@polad.example` आहे असे धरू. भामटा `hisab@navin.example` हा स्वतःचा पत्ता तयार करतो आणि त्यासाठी रीतसर प्रमाणपत्र घेतो. साध्या प्रकारच्या प्रमाणपत्रासाठी तो पत्ता आपल्या ताब्यात आहे एवढेच दाखवावे लागते. मग पाठवणाऱ्याच्या नावाच्या जागी तो पुरवठादाराचा पत्ताच टाइप करतो:

```
From: "hisab@polad.example" <hisab@navin.example>
```

सही अस्सल, प्रमाणपत्र अस्सल, पाठवणाऱ्याचा पत्ताही प्रमाणपत्राशी जुळणारा. ॲपला तक्रार करायला जागाच उरत नाही. मोबाईलच्या पडद्यावर मात्र अनेकदा फक्त अवतरणातले नाव दिसते. म्हणून खुणेवर थांबू नये, ती दाबून आत जावे. थंडरबर्डमध्ये मेलच्या माथ्यावरचे S/MIME बटण दाबले की सही करणाऱ्याचे नाव, त्याचा पत्ता आणि प्रमाणपत्र देणारी संस्था दिसते. आउटलुकमध्ये Signed By या ओळीशेजारची लाल फीत दाबावी. तिथला पत्ता जुन्या, खात्रीच्या मेलमधल्या पत्त्याशी अक्षरशः ताडून पाहावा. मजकुराच्या आत काढलेल्या शिक्क्याला किंवा हिरव्या खुणेला काहीच किंमत नाही, कारण मजकुरात कोणीही काहीही चितारू शकतो. जर्मनीतल्या संशोधकांनी २०१९ मध्ये अशा आणि याहून खोल युक्त्या तपासल्या, तेव्हा या S/MIME पद्धतीच्या सह्या ओळखणाऱ्या २२ पैकी १५ मेल-ॲपांत सहीचा आभास निर्माण करता आला.

जीमेलमधल्या एका ओळीने बरीच दिशाभूल होते. तपशील उघडला की तिथे signed-by दिसते. ती माणसाची सही नव्हे. मेल पाठवताना सर्व्हरने त्यावर त्या डोमेनच्या किल्लीने सही केली, एवढीच ती ग्वाही आहे. खात्याचा पासवर्ड चोरून कोणी मेल पाठवला, तरी ती ओळ तशीच दिसेल. उलट, खरी S/MIME सही असलेला मेल वैयक्तिक जीमेलमध्ये `smime.p7s` ही जोडफाईल घेऊन येतो आणि ती सही तिथे तपासलीच जात नाही.

यावर आक्षेप येईल, की मग इशारा दिसला की मेल खोटा समजावा, म्हणजे झाले. पण तेही चूक ठरते. वाटेतल्या सर्व्हरने मजकुराखाली 'हा मेल बाहेरून आला आहे' अशी ओळ जोडली, तरी सही मोडते. शिवाय भारतात सहीच्या प्रमाणपत्रांची साखळी माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० खालच्या नियंत्रकाच्या, म्हणजे सीसीएच्या, मूळ प्रमाणपत्रापाशी संपते. ते मूळ मोझिलाच्या यादीत नाही. त्यामुळे आपल्याकडे कायद्याने पक्की असलेली सहीसुद्धा थंडरबर्ड अनोळखी ठरवू शकतो. मात्र असे मूळ हाताने यादीत घालण्यापूर्वी थोडे थांबावे. जुलै २०१४ मध्ये या साखळीतल्या एनआयसीकडून गूगलच्या डोमेनांची अनधिकृत प्रमाणपत्रे निघाली होती. विंडोजच्या यादीत सीसीएचे मूळ असल्याने तिथे ती चालून गेली असती. फायरफॉक्सला मात्र त्यांचा धोका नव्हता. म्हणून इशारा नेमका कशाचा आहे ते वाचावे. मजकूर बदलल्याचा असेल, तर मेल पुन्हा मागवावा. संस्था अनोळखी असल्याचा असेल, तर मूळ प्रमाणपत्र सीसीएच्याच संकेतस्थळावरून घ्यावे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. फोन करून विचारले की काम भागते, मग एवढा खटाटोप कशाला? खाते बदलण्याच्या मेलवर फोन करायलाच हवा, आणि तोही मेलमधल्या नव्हे, आपल्याकडच्या जुन्या क्रमांकावर. सही कितीही खरी असली तरी ती किल्ली वापरली गेली एवढेच सांगते, बोट कोणाचे होते ते नाही. आपल्याकडे सहीचे यूएसबी टोकन कित्येकदा पिनसकट सीएच्या कचेरीतल्या खणात पडलेले असते. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ४२व्या कलमानुसार किल्ली आपल्या ताब्यात राखण्याची काळजी घेणे ही टोकनधारकाची जबाबदारी आहे. तुमचे टोकन आज कोणाच्या खणात आहे, ते आधी पाहा आणि ते घरी आणा.