फोटोचं जलरंगचित्र होतं कसं?

वाईच्या घाटावर उभं राहून ढोल्या गणपतीच्या मंदिराचा फोटो काढला आणि त्याचं जलरंगचित्र करायचं ठरवलं. सगळ्या दृश्यावर रंग पसरल्यासारखे दिसायला हवेत, पण शिखर शिखरच राहायला हवं. पहिला मोह होतो तो फोटो धूसर करण्याचा. तसं केलं की कळस आभाळात विरघळतो आणि फोटो हललेला वाटतो.

या अडचणीवरचा एक जुना उपाय चित्रकलेतून आलेला नाही. जपानी संशोधक मिचियोशी कुवाहारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1976 साली तो हृदयाच्या वैद्यकीय प्रतिमांसाठी मांडला. प्रतिमेतले नको असलेले ठिपके पुसायचे, पण कडा पुसायच्या नाहीत, एवढंच त्यांना हवं होतं.

शिखराच्या कडेला लागून असलेला आभाळाचा एक पिक्सेल घ्या. त्याच्याभोवती पाच बाय पाचचा चौकोन आखा. समजा, आभाळाची उजळता 200 आहे, दगडाची 60. चौकोनात आभाळाचे 15 पिक्सेल आहेत, दगडाचे 10. साधी सरासरी येते 144, म्हणजे ना आभाळ ना दगड. कुवाहारा फिल्टर याच चौकोनाचे तीन बाय तीनचे चार कोपरे करतो आणि ज्या कोपऱ्यात रंगांची चढउतार सर्वांत कमी, त्याचीच सरासरी घेतो. इथे डावीकडचे दोन्ही कोपरे निव्वळ आभाळाचे आहेत, म्हणून उत्तर 200. शेजारच्या दगडाच्या पिक्सेलला त्याच न्यायाने 60 मिळतात. रंग आपापल्या हद्दीत पसरतो, हद्द ओलांडत नाही. कुंचल्याच्या फटकाऱ्यासारखे सपाट डाग पडतात ते यामुळेच.

मात्र आभाळातून गेलेली एक पिक्सेल जाडीची विजेची तार घ्या. ती चारही कोपऱ्यांत येते, त्यामुळे बिनमिसळीचा कोपरा उरतच नाही. तारेचे 60 चढून 153 होतात आणि ती फिकटते. तारेचं असं झालं तर बरंच, पण घाटावरच्या बाईचे डोळेही तसेच जातात. चौकोन जितका मोठा, तितका डाग रुंद आणि तितका तपशील कमी. म्हणून चेहऱ्यांवर चौकोन लहान ठेवावा, पाण्यावर आणि आभाळावर मोठा.

मूळ पद्धतीत चौकोनी ठोकळेही दिसतात. पुढे कडेच्या दिशेने वळणारी सुधारित पद्धत आली. ब्लेंडर या मोफत सॉफ्टवेअरच्या 4.0 आवृत्तीपासून दोन्ही पद्धती कंपोझिटरमध्ये Kuwahara नावाने मिळतात.

एवढ्यावर चित्र तैलरंगाकडे झुकतं. जलरंगात डाग वाळताना रंगद्रव्य कडेला साचतं, म्हणून डागांच्या कडा किंचित गडद कराव्या लागतात. कागदाचा पोत मात्र सर्वांत शेवटी द्यावा. आधी दिला तर फिल्टर तोही ठिपके समजून पुसून टाकतो.

शेवटी मूळ फोटो आणि चित्र दोन्ही टपाल तिकिटाएवढी लहान करून शेजारी ठेवा. शिखर, घाट आणि नदी लगेच ओळखू आली नाहीत, तर चौकोन लहान करून पुन्हा सुरुवात करा.