सासू, सासरा आणि व्हर्नरचा नियम

मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला आणि तेव्हापासून भाषांची कुळं शोधण्याचा उत्साह घरोघरी पोचला आहे. समाजमाध्यमांवर शब्दांच्या याद्या फिरतात. अमुक भाषेतला शब्द आपल्यासारखा दिसतो, म्हणून ती भाषा आपल्यातून निघाली किंवा आपण तिच्यातून! उत्साह चांगला आहे, पण पुरावा म्हणून या याद्या बिनकामाच्या आहेत, कारण भाषांचं नातं शब्दांच्या सारखेपणावरून ठरत नाही.

‘बदनाम’, ‘बदमाश’ यांतला फारसी ‘बद’ घ्या. इंग्रजीतला ‘बॅड’ उच्चाराला जवळपास तोच आणि अर्थही तोच. तरीही दोघांचा काही संबंध नाही. फारसीच्या मधल्या टप्प्यावर हा शब्द ‘वद’ असा होता. जुन्या शब्दारंभीच्या ‘व’चा फारसीत अनेक ठिकाणी ‘ब’ झाला आहे. संस्कृत ‘वात’, म्हणजे वारा, तिकडे ‘बाद’ होतो आणि ‘विंशति’ला ‘बीस्त’ म्हणतात. इंग्रजी शब्दाच्या इतिहासात असा ‘व’ कुठेच नाही. मागे जावं तसे हे दोन शब्द एकमेकांपासून दूर जातात. सख्ख्या शब्दांचं उलट असतं, ते मागे जाताना जवळ येतात.

नातं सिद्ध होतं ते नेमाने घडणाऱ्या ध्वनिबदलावरून. आपल्या घरातलंच बघा. प्राकृतातल्या सत्त, अट्ठ, हत्थ, कम्म यांचं मराठीत सात, आठ, हात, काम झालं. जोडव्यंजनातलं एक गेलं आणि आधीचा स्वर लांबला. पंजाबीने ते जोडव्यंजन अजून राखलं आहे. एका शब्दात असं झालं असतं तर योगायोग म्हणता आला असता. शब्दामागून शब्दात, अर्थाशी काही देणंघेणं नसताना तेच घडत असेल, तर दोन्ही भाषा एकाच ठिकाणाहून निघाल्या असं मानण्यावाचून गत्यंतर नसतं.

युरोपात हाच प्रकार मोठ्या प्रमाणावर मांडला तो डेन्मार्कच्या रास्कने १८१८ मध्ये आणि जर्मनीच्या याकोब ग्रिमने १८२२ मध्ये. संस्कृत, ग्रीक, लॅटिनमध्ये जिथे प, त, क आहेत, तिथे जर्मानिक शाखेत, म्हणजे इंग्रजी-जर्मनच्या घराण्यात, अनुक्रमे फ, थ, ह येतात. ‘पाद’चा ‘फुट’, ‘त्रि’चा ‘थ्री’, लॅटिन ‘कोर्नू’चा ‘हॉर्न’. हाच ग्रिमचा नियम.

मात्र त्याला अपवाद निघाले, आणि थोडेथोडके नव्हेत. गॉथिक ही या घराण्यातली भरपूर लेखन हाती आलेली सर्वांत जुनी भाषा. ‘भ्राता’मधल्या ‘त’च्या जागी तिच्यात ‘थ’ आहे, ‘ब्रोथर’, म्हणजे नियमाप्रमाणेच. पण ‘पिता’साठी ‘फथर’ हवा तिथे ‘फदर’ आहे. ‘माता’चीही गत तीच, जुन्या इंग्रजीत ‘मोदोर’. आजच्या इंग्रजीत फादर, मदर, ब्रदर तिन्ही सारखे झाले, कारण तिथे हा फरक पुढे पुसला गेला. जर्मनमध्ये नंतर आणखी फेरफार होऊनही दोन गट वेगळेच राहिले. ‘फाटर’ आणि ‘मुटर’मध्ये ट, ‘ब्रूडर’मध्ये ड. एकाच घरातली तीन माणसं, संस्कृतात तिघांनाही तोच ‘त’, आणि जर्मनमध्ये भाऊ वेगळा पडला. का?

‘भाषेत असं चालायचंच’ हे उत्तर त्या काळी पुष्कळांना पुरलं. कार्ल व्हर्नरला पुरलं नाही. ऑर्हुसचा हा डॅनिश तरुण तेव्हा तिशीच्या आत होता. एका दुपारी झोप यावी म्हणून तो फ्रान्त्स बॉपचं तौलनिक व्याकरण घेऊन पडला आणि ‘पितर्’ व ‘भ्रातर्’ हे शब्द त्याच्या नजरेला पडले, असं सांगतात. त्यांच्यावरची स्वरचिन्हं वेगवेगळी होती.

ही चिन्हं आपल्याकडच्या वेदपाठशाळेतल्या मुलाला पाठ असतात. ऋग्वेदाच्या छापील संहितेत उदात्त स्वराला खूण नसते, त्याच्या आधीच्या अनुदात्ताखाली आडवी रेघ असते आणि नंतरच्या स्वरितावर उभी. ‘पि॒ता’ लिहिताना ‘पि’खाली रेघ येते, म्हणजे उदात्त ‘ता’वर. ‘भ्राता॑’मध्ये रेघ ‘ता’च्या डोक्यावर, म्हणजे उदात्त ‘भ्रा’वर. ‘माता’चा उदात्त पित्याप्रमाणे शेवटी. भाऊ वेगळा पडला तो इथे.

व्हर्नरने १८७५ मध्ये लिहिलेल्या निबंधात नियम मांडला. जर्मानिक भाषांच्या पूर्वजात ग्रिमच्या नियमाने फ, थ, ह तयार झाले. शब्दाच्या आतल्या अशा ध्वनीच्या लगेच आधीच्या अक्षरावर आघात असेल तर तो तसाच राहिला, नसेल तर तो मऊ होऊन ब, द, ग यांच्या वळणावर गेला. पुढे या घराण्यात आघात सरसकट पहिल्या अक्षरावर सरकला. परिणाम राहिला आणि कारण पुसलं गेलं. म्हणूनच नुसत्या जर्मन शब्दांकडे कितीही बघितलं तरी उत्तर सापडेना. ते कारण वैदिक पठणाने जपलं होतं, हजारो मैलांवर.

नियमाची खरी परीक्षा ज्या शब्दांसाठी तो रचला नाही त्यांच्यावर होते. मला यातली सर्वांत आवडती जोडी सासू-सासऱ्यांची आहे. ‘श्वशुर’ आणि ‘श्वश्रू’ हे दोन्ही शब्द ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या विवाहसूक्तात येतात. ‘श्वशुर’चा उदात्त पहिल्या अक्षरावर, ‘श्वश्रू’चा शेवटच्या. मूळ ध्वनी दोन्हींत एकच. संस्कृतात त्याचा ‘श’ झाला, लॅटिनमध्ये ‘क’ राहिला, ‘सोकेर’ म्हणजे सासरा. आता व्हर्नरच्या नियमाने भाकीत करा: सासऱ्याच्या शब्दात ‘ह’ यायला हवा, सासूच्या शब्दात ‘ग’. जुन्या जर्मनमध्ये सासरा ‘स्वेहुर’ आणि सासू ‘स्विगर’! आजच्या जर्मनमध्ये सासूला ‘श्वीगरमुटर’ म्हणतात, त्यात तो ‘ग’ अजून ऐकू येतो. मराठी ‘सासू’ आणि ‘सासरा’ यांत असा काही भेद उरलेला नाही, कारण आपल्याकडे तो आघातच गेला. पण एका नवराबायकोच्या नावांत ‘ह’ आणि ‘ग’ असा फरक का, याचं उत्तर युरोपात नसून वैदिक स्वरांत असावं, याहून भक्कम पुरावा समान पूर्वजाचा कोणता मागायचा?

इथे एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. या पुराव्यातून ‘संस्कृत ही जर्मनची आई’ असं निघत नाही. ज्या मूळ ध्वनीचा संस्कृतात ‘श’ झाला, तो लॅटिनमध्ये ‘क’ राहिला आणि जर्मानिकमध्ये ‘ह’कडे गेला. ‘श’पासून सुरुवात केली तर बाकीचे दोन टप्पे जुळवणं कठीण जातं, ‘क’सारख्या ध्वनीपासून केली तर तिन्ही सुरळीत लागतात. स्वराच्या बाबतीत संस्कृत जुनं, या व्यंजनाच्या बाबतीत लॅटिन. म्हणजे या बहिणी आहेत, आणि त्यांच्या आईचं लेखन कुठेच सापडलेलं नाही. अभिमानापोटी बहिणीला आई करण्याचं काही कारण नाही.

या पद्धतीला मर्यादाही आहेत. उसने शब्द नियम पाळत नाहीत. मराठीत ‘हात’ आहे आणि ‘हस्ताक्षर’ही आहे. दुसरा थेट संस्कृतातून उचललेला, म्हणून त्याच्यावर प्राकृताच्या वाटेवरचे बदल झालेच नाहीत. असे शब्द आधी बाजूला काढले नाहीत तर सगळा हिशोब चुकतो. फिरणाऱ्या याद्यांत नेमके हेच तत्सम शब्द खच्चून भरलेले असतात.

तेव्हा पुढची यादी आली की दोन प्रश्न विचारा: हा बदल आणखी कोणत्या शब्दांत दिसतो, आणि जिथे दिसत नाही तिथे कारण काय? आणि ज्यांना मराठीपुरतं हे काम नीट पाहायचं असेल त्यांनी झ्यूल ब्लॉक या फ्रेंच अभ्यासकाचा मराठीच्या घडणीवरचा ग्रंथ वाचावा. ‘मराठी भाषेचा विकास’ या नावाने तो मराठीत आलेला आहे.